कौलांवरचा पाऊस कसा रचतात

लघुपटाच्या चित्रीकरणात माइकचं तोंड बोलणाऱ्याकडे असतं. दृश्यातला संवाद स्वच्छ मिळावा एवढाच त्याचा हेतू असतो. पंख्याची घरघर, शेजारचा कुत्रा, रस्त्यावरची रिक्षा हे सगळं त्या वेळी टाळायचं असतं, कारण एकदा संवादात मिसळलेला आवाज नंतर वेगळा काढणं फार कठीण जातं. त्यामुळे पडद्यावर ऐकू येणारं बाकीचं जग संकलनानंतर स्वतंत्रपणे रचलं जातं. जागेचा सलग चालणारा आवाज म्हणजे ॲम्बियन्स. पावलं, कपडे, भांडी असे माणसाच्या हालचालींचे आवाज चित्र बघत बघत स्टुडिओत करून घेतात, ती फोली. दार, गडगडाट, यंत्रं यांचे आवाज म्हणजे इफेक्ट्स. या सगळ्यांची निवड, रचना आणि आपापसातलं प्रमाण ठरवणं हे साउंड डिझाइनचं काम.

हे काम कसं चालतं ते एका साध्या प्रसंगावरून पाहता येईल. कोकणातलं कौलारू घर, आषाढातली रात्र. आजी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली आहे. कोपऱ्यात जुना फ्रिज आहे. परसात पावलं वाजतात, मागचं दार उघडून नातू आत येतो, छत्री झटकतो, दार लावून घेतो. दोघांत चार वाक्यं होतात आणि लाइट जाते. अंधारात आजी काडी ओढून कंदील लावते. प्रसंग दोन मिनिटं दहा सेकंदांचा. चित्रीकरण मात्र मे महिन्यात झालेलं. दारापलीकडचा पाऊस टँकरच्या पाइपने पाडलेला, तोही फक्त दार उघडं दिसतं तेवढ्या शॉट्समध्ये. बाकीचे शॉट कोरड्यात घेतले. म्हणजे संवादाच्या ट्रॅकवर एका शॉटमध्ये पंपाची घरघर आणि पाण्याचा मारा आहे, पुढच्याच शॉटमध्ये काहीच नाही. लघुपटांच्या बजेटमध्ये ही परिस्थिती नेहमीची.

पहिलं काम कागदावरचं. संकलित प्रसंग आवाज बंद ठेवून बघायचा आणि काय काय ऐकू यायला हवं ते वेळेसह लिहून काढायचं. ही यादी सहज लांबते, म्हणून तिच्याआधी एक प्रश्न सोडवलेला बरा: हा प्रसंग कोणाच्या कानांनी ऐकायचा? इथे उत्तर आजीच्या. कॅमेरा मध्येच एकदा परसात जाऊन नातवाला चिखलातून येताना दाखवत असला, तरी बाकी सगळा वेळ तो स्वयंपाकघरात आहे आणि वाट आजी बघते आहे. हे ठरलं की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. पाऊस मुख्यतः डोक्यावरून येईल, पावलं आधी भिंतीपलीकडून, अस्पष्ट ऐकू येतील, आणि तांदळाचे दाणे सुपात पडतानाचा बारीक आवाज जवळचा आणि स्पष्ट असेल.

आता पाऊस. पावसात माइक धरून दोन मिनिटं ध्वनिमुद्रण करायचं आणि तेच प्रसंगाखाली टाकायचं, हा नवशिक्याला सुचणारा पहिला उपाय. तो हमखास फसतो. प्रत्यक्ष पावसात उभं असताना कान आणि मेंदू मिळून समोरचा पत्रा, बाजूची केळ, पलीकडचं शेत असे आवाज वेगळे करत असतात. माइकला ही निवड जमत नाही. हजारो थेंबांचे आघात तो सारख्याच वजनाने गोळा करतो आणि स्पीकरमधून जे बाहेर पडतं ते कढईत भजी तळल्यासारखं एकसुरी ऐकू येतं. त्यात जागा कळत नाही, पावसाचा जोर कळत नाही, घर कौलाचं की स्लॅबचं तेही कळत नाही. पावसाचा असा स्वतःचा आवाज फारसा नसतोच. तो ज्यावर पडतो त्याचा आवाज आपण ऐकतो. म्हणून तो पृष्ठभागांनुसार वेगवेगळा ध्वनिमुद्रित करून थरांनी उभा करावा लागतो.

या प्रसंगाला पाच थर पुरतात. सगळ्यात खाली दूरचा पाऊस, म्हणजे सगळ्या वाडीवर पडणाऱ्या सरींचा अंधुक भरणा. त्यावर कौलांचा पाऊस. मग परसातल्या केळीच्या पानांवरचा, ज्यात टपटप जाड आणि सुटी असते. चौथा न्हाणीघराच्या पत्र्यावरचा. आणि पाचव्या पागोळ्या, कौलांच्या कडेवरून ठरलेल्या जागी पडणाऱ्या धारा. प्रत्येक थर निदान तीन-चार मिनिटं, न बोलता, न हलता ध्वनिमुद्रित करायचा. थेंब थेट माइकवर पडला तर प्रत्येक वेळी धप्प असा जाड ठोका बसतो आणि ते ध्वनिमुद्रण वाया जातं. माइक पडवीच्या आत ठेवून तोंड बाहेर करणं हा साधा उपाय. उघड्यावर ठेवावाच लागला तर त्याच्यावर काही अंतरावर काथ्याची जाड चटई ताणतात. थेंब तिच्या धाग्यांत फुटून मुरतो, टपकत नाही. छत्री मात्र धरू नये, कारण मग छत्रीचाच आवाज येतो.

दूरच्या पावसाची अडचण अशी की पावसात सगळीकडे जवळचा पाऊसही असतोच. नुसता आवाज कमी केला म्हणून तो दूरचा होत नाही, कारण अंतराबरोबर आवाजातली बारीक, टोकदार अंगं आधी विरतात. त्यामुळे हा थर बहुधा वरच्या मजल्यावरच्या खोलीतून, मोकळ्या शेताकडे उघडणाऱ्या खिडकीच्या आत बसून घेतात आणि नंतर त्यातल्या पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरच्या कंप्रता हळूच उतरवतात. ऐंशी हर्ट्झच्या खालची वाऱ्याची घुंईही काढून टाकतात. जे उरतं त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण तो थर बंद केला की घराभोवतीचं गाव नाहीसं होतं.

पागोळ्यांना याच्या उलट वागवावं लागतं. त्या एकेक ऐकू याव्या लागतात. सर थांबल्यावरही त्या बराच वेळ पडत राहतात, तीच त्यांच्या ध्वनिमुद्रणाची वेळ. माइक जमिनीपासून वीतभर उंच आणि धारेपासून हातभर दूर ठेवायचा. चिखलावर पडणारी पागोळी, जांभ्या दगडावरची आणि भरलेल्या बादलीतली या तिन्ही सहज ओळखू येतात, म्हणून तीन वेगळी ध्वनिमुद्रणं घेऊन ती डावीकडे, उजवीकडे आणि दाराच्या रेषेत मांडली की परसाची रुंदी तयार होते. त्यांची लय सारखी ठेवू नये. ठरावीक अंतराने पडणारा थेंब घड्याळासारखा वाटू लागतो आणि प्रेक्षक संवाद सोडून तो मोजत बसतो.

चार मिनिटांचं चांगलं ध्वनिमुद्रण हाताशी असेल तर दोन मिनिटं दहा सेकंदांच्या प्रसंगाला त्यातला सलग तुकडा वापरणं केव्हाही उत्तम. पण पुष्कळदा चाळीसच सेकंद स्वच्छ मिळालेले असतात आणि तेच पुन्हा पुन्हा जोडावे लागतात. असं जोडताना दोन गोष्टींनी चोरी पकडली जाते. एक म्हणजे सांधा. तिथे पावसाचा पोत एकदम बदलतो. त्यावर उपाय म्हणून एक तुकडा दोन-तीन सेकंदांत विरत असताना दुसरा तेवढ्याच वेळात वर आणतात. दुसरी म्हणजे त्या चाळीस सेकंदांतला एखादा खास आवाज. फांदीवरून एकदम ओघळलेलं पाणी किंवा लांबचं कुत्र्याचं भुंकणं दुसऱ्यांदा आलं की कान सावध होतो, तिसऱ्यांदा आलं की प्रेक्षक सिनेमातून बाहेर पडतो. असे आवाज मूळ तुकड्यातून आधीच कापून काढायचे आणि हवे असतील तर एकदाच, ठरवलेल्या जागी घालायचे. पाचही थरांच्या तुकड्यांची लांबी वेगवेगळी ठेवली तर त्यांचे सांधे एका वेळी येत नाहीत आणि एकूण पाऊस कधी दोनदा तसाच ऐकू येत नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे पडद्याकडे पाठ करून सगळा प्रसंग ऐकणं.

थर एकमेकांवर ठेवले की आणखी एक गोष्ट दिसते. सगळेच थर पूर्ण रुंदीचे असतील तर ते एकमेकांना झाकतात आणि पुन्हा तोच एकसुरी आवाज तयार होतो, फक्त जास्त मोठा. म्हणून प्रत्येकाला आपापली जागा नेमून द्यावी लागते. दूरच्या पावसाला खालचा आणि मधला पट्टा, कौलांना मधला, पानांना वरचा, पत्र्याला त्याच्या स्वतःच्या ठणक्यापुरता अरुंद पट्टा. आजीच्या कानांनी ऐकायचं ठरल्यामुळे कौलांचा थर मुख्य. पानं आणि पत्रा त्याच्या सहा ते दहा डेसिबल खाली ठेवून सुरुवात करता येते, मग पडद्याकडे बघून बदल.

कौलारू घर आणि स्लॅबचं घर यांत इथे मोठा फरक पडतो आणि तो पुष्कळ लघुपटांत चुकतो. स्लॅबच्या खोलीत दार-खिडक्या बंद केल्या की पाऊस बाहेर राहतो. बारीक कंप्रता भिंतीला अडतात आणि आत नुसता दबलेला घुमारा येतो. म्हणून आतला पाऊस दाखवायचा तर वरच्या कंप्रता कापायच्या, हा सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या व्हिडिओंतला सरधोपट नियम. कौलारू घरात तो खोटा ठरतो. तिथे छप्परच वाजतं, कौलं आणि भिंत यांच्यामध्ये फटी असतात, बहुतेक घरांत वर माळ्याशिवाय काही नसतं. दार लावलं तरी कौलांवरची टपटप तेवढीच तीक्ष्ण राहते. बदलतात ती फक्त पानं, पत्रा, पागोळ्या आणि दूरची सर. म्हणून दार उघडताना पाचही थर एकदम चढवायचे नाहीत. कौलांचा थर जागच्या जागी ठेवायचा आणि बाकीचे चार चढवायचे. त्यांचा चढ दाराच्या हालचालीइतकाच लांब हवा. पडद्यावर दार उघडायला सव्वा सेकंद लागत असेल, तर सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशेबाने एकतीस फ्रेममध्ये. त्यातही दाराची फट पडताक्षणी वरच्या कंप्रता आधी आत येतात आणि आवाजाची मोठी वाढ पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच होऊन जाते. सरळ रेषेत चढवलेला आवाज रेडिओचं बटण फिरवल्यासारखा कृत्रिम वाटतो.

आता खुद्द दार. पडद्यावर ती एकच क्रिया दिसते, पण जुन्या लाकडी दाराच्या आवाजात चार-पाच वेगळ्या घटना असतात. कडी कोयंड्यातून निघते, पावसाने फुगलेलं लाकूड चौकटीला घासत सुटतं, बिजागरी करकरते, फळी भिंतीवर आपटते. एका माइकने एकाच जागेवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात यातली एखादीच घटना नीट येते, बाकीच्या पुसट होतात. म्हणून कडी वेगळी, अगदी जवळून घेतात. बिजागरी दुसऱ्याच एखाद्या कपाटाची असली तरी चालते, फक्त तिचा स्वर फार उंच नको, नाहीतर भुताचा सिनेमा होतो. घासण्याचा आवाज ओलसर पाट फरशीवर ओढून मिळतो. आणि वजन हवं म्हणून जाड फळीवर मुठीने दिलेला एक धक्का सगळ्यांच्या खाली, कमी कंप्रतांत, ठेवतात. या प्रसंगातलं दार मे महिन्यातलं, कोरडं आणि हलकं आहे. ते आषाढातलं वाटतं ते केवळ या घासण्याच्या थरामुळे.

असे थर जुळवताना एक तांत्रिक अडचण हटकून येते. दाराच्या आपटण्याला आणखी वजन द्यावं म्हणून दोन धप्प आवाज एकावर एक ठेवले आणि ते जड होण्याऐवजी पातळ, पोकळ झाले, असं होतं. याचं कारण ध्वनिलहरींत आहे. एका आवाजाची लहर वर जात असताना दुसऱ्याची त्याच क्षणी खाली जात असेल तर त्या एकमेकींना खोडतात आणि सगळ्यात आधी बळी जातो तो खालच्या कंप्रतांचा, म्हणजे नेमक्या वजनाचा. हे ओळखायला एक थर बंद करून ऐकायचं. एकटा थर जोडीपेक्षा भरीव वाटला तर खोडाखोड चालू आहे असं समजावं. दुसऱ्या थराची लहर उलटी करणारं बटण प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतं. ते दाबून पाहायचं, किंवा तो थर काही मिलिसेकंद पुढे-मागे सरकवायचा. तेवढ्यानेही जमलं नाही तर दुसरा आवाज काढून टाकलेलाच बरा.

सरकवण्याला मर्यादा आहे ती चित्राची. पंचवीस फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम चाळीस मिलिसेकंदांची असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत दिलेल्या आकड्यांनुसार आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला की माणसाला ते जाणवू लागतं, पण उशीर मात्र साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. निसर्गात प्रकाश आधी आणि आवाज मागून येतो, त्याची कानाला सवय असते. म्हणून दाराचा ठोका नेमक्या फ्रेमवर बसवणं शंकास्पद वाटत असेल तेव्हा तो अर्धी फ्रेम उशिरा ठेवणं सुरक्षित, आधी कधीच नको. विजेचं याहून वेगळं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद. खिडकीत लखलखाट होताच त्याच फ्रेमवर गडगडाट टाकला तर वीज परसातच पडली असा त्याचा अर्थ होतो. या प्रसंगाला ती चार-पाच सेकंद दूर हवी.

पावलांचं काम फोलीचं. हे नाव जॅक फोली यांच्यावरून पडलं. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत १९२९च्या ‘शो बोट’ या चित्रपटासाठी चित्र पडद्यावर बघत, त्याच्या तालावर आवाज करायची पद्धत त्यांनी रूढ केली. हिंदी चित्रपटात अनेक वर्षं संवादासह सगळाच आवाज नंतर भरला जायचा. कच्छमध्ये चित्रित झालेल्या ‘लगान’ने २००१ साली प्रत्यक्ष जागेवर ध्वनिमुद्रण केलं, त्यानंतर मोठ्या चित्रपटांत हा प्रघात वाढला. पण तोवर मुंबईत पावलं, बांगड्या, मारामाऱ्या यांचे आवाज हातापायांनी करणाऱ्यांची एक पिढी तयार झाली होती आणि त्यांची कला आजही लागते, कारण जागेवरच्या माइकला पाऊल क्वचितच नीट मिळतं.

नातवाच्या पावलांना तीन जमिनी आहेत: परसातला चिखल, दाराबाहेरची जांभ्याची पायरी आणि आतला कोबा. चिखलाला परातीत भिजवलेली माती आणि तिच्यात जुनं गोणपाट चालतं. नुसत्या मातीचा आवाज लवकरच पातळ होतो, गोणपाटामुळे पाय उचलताना होणारा चिकट ओढीचा आवाज टिकतो. कोब्यावर ओली चप्पल चटचटते आणि दोन-तीन पावलांनंतर तो आवाज कोरडा पडत जायला हवा. सगळी पावलं एकाच ओलेपणाची ठेवली तर ती नकली वाटतात.

चिखलातली पावलं आजीला भिंतीपलीकडून ऐकू यायची आहेत. त्यासाठी संगणकात आवाज दाबता येतोच, पण एक जुनी, बिनखर्चाची रीत जास्त पटणारा आवाज देते. स्टुडिओत केलेली पावलं परसात ठेवलेल्या स्पीकरवर वाजवायची आणि स्वयंपाकघरात, दार लावून, माइकने पुन्हा ध्वनिमुद्रित करायची. भिंत, फटी आणि खोलीचा घुमार हे सगळं त्यात आपोआप येतं. अमेरिकन साउंड डिझायनर वॉल्टर मर्च यांनी १९७३च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’त गाड्यांच्या रेडिओवरची गाणी याच रीतीने गावाच्या रस्त्यांवर मुरवली होती. लघुपटाच्या जागेचा ताबा चित्रीकरणानंतर एखादा तास राहणार असेल तर हे काम तेव्हाच उरकून घ्यावं.

याच मर्च यांचं आणखी एक निरीक्षण दार उघडण्याच्या क्षणाला उपयोगी पडतं. पडद्यावर एक किंवा दोन माणसं चालत असतील तर प्रत्येक पाऊल नेमकं जुळावं लागतं. तीन झाली की कोणी तपासत नाही, कारण एका वेळी दोनाहून जास्त गोष्टींचा मागोवा कानाला ठेवता येत नाही. नातू आत येतो त्या तीन सेकंदांत दार, पाऊस, पावलं, छत्रीची झटक आणि आजीच्या हातातून खाली ठेवलेलं सूप असे पाच आवाज एका जागी येतात. सगळे मोठे ठेवले तर गोंधळ ऐकू येतो. म्हणून त्यांची रांग लावतात. आधी कडी, तेव्हा पावलं थांबलेली. मग पावसाचा लोंढा, त्यात बिजागरी बुडते. छत्रीच्या झटकेच्या वेळी पाऊस दोन-तीन डेसिबल खाली घेतलेला. सूप ठेवल्याचा आवाज छत्रीनंतर, थोड्या शांततेत. सहायकाने मन लावून केलेली पावलं इथे निम्मी गळतात. त्याला वाईट वाटलं तरी ती गळू द्यावीत.

संवादाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. पंपाची घरघर असलेला शॉट आणि कोरडा शॉट यांच्या सांध्यावर मागचा आवाज उडी मारतो आणि ती उडी पावसाखालीही ऐकू येते. प्रत्येक जागेवर, चित्रीकरण संपताना, सगळ्यांना गप्प करून तीस सेकंद ते एक मिनिट त्या खोलीची नुसती शांतता ध्वनिमुद्रित करायची असते. तिला रूम टोन म्हणतात. पॅकअपच्या घाईत हीच गोष्ट सगळ्यात आधी राहते. ती असेल तर वाक्यांमधल्या जागा तिने भरता येतात आणि दोन शॉट काही फ्रेमच्या फेडने एकमेकांत मिसळता येतात. पंपाचा आवाज थोडाफार गाळता येतो, पण जास्त गाळलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. त्यापेक्षा त्या वाक्याचं स्टुडिओत पुन्हा ध्वनिमुद्रण करणं बरं. आजीची चार वाक्यं पावसातून कळावीत म्हणून सगळा पाऊस खाली ओढायची गरज नसते. व्यंजनं कळतात ती साधारण एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. कौलं आणि पानं यांच्या थरांत तेवढाच पट्टा दोन-तीन डेसिबलने खोलगट केला की शब्द वर येतात आणि पाऊस कमी झाल्याचं कोणाला कळत नाही.

मग लाइट जाते. इथे नवीन आवाज काही घालायचा नाही, एक काढायचा आहे. त्यासाठी तो आधी तिथे असायला हवा. फ्रिजची गुणगुण प्रसंगाच्या पहिल्या फ्रेमपासून, अगदी खालच्या पातळीवर, चालू ठेवलेली असते. भारतातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिचा मुख्य स्वर शंभर हर्ट्झच्या आसपास असतो. अमेरिकेतल्या संग्रहातला फ्रिज १२०वर गुणगुणतो. पाऊस आणि बोलणं यांच्याखाली तो कोणाच्याही लक्षात येत नाही. लाइट जाताना कॉम्प्रेसर एकदा थरथरतो, आत एखादी बाटली किणकिणते आणि ती गुणगुण थांबते. दिवा विझल्यावर खोली एकदम मोठी आणि मोकळी वाटते. नंतरच्या पाच-सहा सेकंदांत पाऊस एक-दोन डेसिबल चढवतात, अंधारात कान लागतो तसा. काडी ओढल्याचा आवाज यानंतर यायचा असल्यामुळे तो आधीच्या कुठल्याही वस्तूपेक्षा जवळून घेतलेला असतो.

पावसाने जोर कमी केल्यावर अंधारात बेडूक आणायचे ठरले तर ते आपलेच हवेत. इंटरनेटवरच्या संग्रहांतून उचललेले पशुपक्षी हा लघुपटांतला नेहमीचा घात आहे. कॅलिफोर्नियातल्या एका झाडबेडकाचं ओरडणं हॉलिवूडने जगभरच्या जंगलांत वापरलं आणि तेच संग्रहांत पसरलं. कोकणातल्या प्रेक्षकाला ते लगेच खटकतं. ऋतूचंही तसंच. पावश्या पावसाच्या तोंडावर ओरडतो, आषाढातल्या मध्यरात्री मुसळधार सरीत तो घालून चालत नाही. रातकिडे आणि बेडूकही जोराच्या सरीत ऐकू येत नाहीत, त्यांची जागा सरींच्या मधली. संग्रहातला आवाज घेताना त्याचा परवानाही वाचावा. काही आवाज फुकट असले तरी व्यावसायिक वापराला बंदी असते, काहींना श्रेयनामावलीत नाव देणं बंधनकारक असतं, आणि महोत्सवांच्या अर्जांमध्ये आवाजांचे हक्क निर्मात्याकडे असल्याची हमी द्यावी लागते.

शेवटच्या मिश्रणात संवाद, ॲम्बियन्स, फोली आणि इफेक्ट्स हे चार गट वेगळे ठेवूनच फाइल काढतात, म्हणजे नंतर एक वाक्य बदललं तरी पाऊस पुन्हा रचावा लागत नाही. लघुपट छोट्या सभागृहात एकदा आणि मोबाइलवर शंभरदा पाहिला जातो, म्हणून मिश्रण दोन्हीकडे ऐकून बघावं लागतं. मोबाइलच्या स्पीकरमधून सुमारे तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही. तिथे दाराचा मुठीने दिलेला धक्का गायब होतो आणि फ्रिज तर नसतोच, म्हणजे तो थांबल्याचंही कळत नाही. दाराचं काम कडीवर आणि लाकडाच्या घासण्यावर भागतं. फ्रिजसाठी त्याच्या गुणगुणीतले वरचे स्वर, चारशे ते आठशे हर्ट्झमधले, किंचित उचलावे लागतात. ते उचलल्यावर सभागृहात फ्रिज फार पुढे येत नाही ना, हे पुन्हा तपासायचं, आणि येत असेल तर एक डेसिबल परत खाली घ्यायचा.